रुमाल टाकलेली जागा

आमच्या सोसायटीत चौसष्ट फ्लॅट आहेत आणि गेली चार वर्षं मी खजिनदार आहे. खजिनदार म्हणजे ज्याला निवृत्तीनंतर नाही म्हणता आलं नाही तो. दर महिन्याच्या दहा तारखेला थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावायची, हे या पदाचं सगळ्यात नकोसं काम. यादी लागली की जिन्यात लोक नमस्कार करणं थांबवतात, आणि यादीत चूक झाली तर लोक घरी येतात.

माझ्याकडून तशी चूक एकदा झालीही होती. तेव्हा मी एक्सेलमध्ये वसुलीच्या शीटला फिल्टर लावायचो, बाकी असलेली नावं कॉपी करायचो आणि नोटिशीच्या शीटवर पेस्ट करायचो. मागच्या महिन्यात चौदा नावं होती, त्या महिन्यात अकरा. मी अकरा नावं जुन्यांवर पेस्ट केली, आणि खालची तीन जुनी नावं तशीच राहिली. तिघांनीही पैसे भरले होते. त्यांतले एक गृहस्थ पावती घेऊन दारात उभे राहिले आणि पाणीसुद्धा न पिता गेले.

ही हकिगत ऐकून भाची म्हणाली, "मामा, अजून कॉपी-पेस्ट करतोस? यादीला स्वतःच यायला सांग ना." ती पुण्यात एका कंपनीत हिशेबाचंच काम करते. तिने फोनवर सांगत सांगत माझ्याकडून नोटिशीच्या शीटवर A5 या सेलमध्ये हा फॉर्म्युला लिहून घेतला:

```
=FILTER(Vasuli!A2:C65, Vasuli!C2:C65>0, "थकबाकी नाही")
```

`Vasuli` शीटवर दुसऱ्या ओळीपासून पासष्टाव्या ओळीपर्यंत चौसष्ट फ्लॅट, तीन कॉलम: फ्लॅट नंबर, नाव, बाकी. ज्यांची बाकी शून्यापेक्षा जास्त, तेवढेच उचलून आण, असा या वाक्याचा अर्थ. मी एंटर दाबलं आणि एका सेलात लिहिलेल्या त्या ओळीतून चौदा नावं खाली आणि उजवीकडे पसरली. खालच्या कुठल्याही नावावर क्लिक केलं की वरच्या पट्टीत तोच फॉर्म्युला फिकट अक्षरांत दिसायचा. "ती नावं तिथे नाहीतच," भाची म्हणाली, "फक्त A5 खरा. बाकीचे सेल त्याने वापरायला घेतलेत." ही सोय मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये जाहीर केली. एक्सेल 365 आणि 2021 मध्ये ती आहे, 2019 मध्ये नाही. मी मात्र तोपर्यंत तिचं नावही ऐकलं नव्हतं.

तीन महिने मी राजासारखा होतो. वसुलीच्या शीटवर पैसे नोंदवायचे, नोटिशीच्या शीटवर जाऊन प्रिंट काढायची. नावं कधी चौदा, कधी सतरा, कधी सोळा. यादी आपोआप लांब व्हायची, आपोआप आखूड व्हायची.

चौथ्या महिन्यात नऊ तारखेच्या रात्री साडेनऊला शीट उघडलं, तर A5 मध्ये `#SPILL!` एवढंच लिहिलेलं होतं. बाकी पान कोरं. वरती C2 मध्ये एकूण थकबाकीचा आकडा असायचा, तिथे शून्य. क्षणभर वाटलं, सगळ्यांनी पैसे भरले की काय! पण आमच्या सोसायटीला मी चांगला ओळखतो.

पहिल्या अर्ध्या तासात मी ज्या चुका केल्या त्या सांगितल्याच पाहिजेत, कारण त्या कोणीही करील. मला वाटलं, फॉर्म्युला बिघडला. तो पुसून मी पुन्हा लिहिला. पुन्हा `#SPILL!`. मग वाटलं, मी टेबलाला चौकटी आखल्यात आणि मथळ्याखाली पिवळा रंग भरलाय, तो आड येत असेल. सगळ्या रेघा आणि रंग काढले. काही फरक नाही. मग आठवलं की चूक लपवायची एक युक्ती असते, म्हणून फॉर्म्युल्याभोवती `IFERROR` गुंडाळला आणि चूक आली तर रिकामं दाखव असं सांगितलं. तरीही `#SPILL!` ढिम्म हललं नाही.

दहा वाजता भाचीला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला तो मला अनपेक्षित होता: "मामा, या महिन्यात थकबाकीदार किती आहेत?"

"यादीच दिसत नाही, तर किती आहेत ते कसं सांगू?"

"लांब कुठेतरी, H1 मध्ये, हे लिही."

```
=ROWS(FILTER(Vasuli!A2:C65, Vasuli!C2:C65>0))
```

H1 मध्ये उत्तर आलं: 23. तेवढ्यात मला कळलं की फॉर्म्युला अगदी धडधाकट आहे. तेवीस नावं त्याने मोजलीसुद्धा. H1 ला फक्त एक आकडा मांडायचा होता, एका सेलात मावला, म्हणून दिसला. A5 ला तेवीस ओळी आणि तीन कॉलम मांडायचे होते, आणि तिथे जागा मिळत नव्हती. `IFERROR` चालला नाही याचं कारणही हेच. `IFERROR` हिशेबातली चूक पकडतो. इथे हिशेबात चूक नव्हतीच. उत्तर तयार झाल्यावर ते मांडायला गेल्यावर अडचण आली होती.

"आता A5 वर क्लिक कर आणि नुसतं बघ," ती म्हणाली.

क्लिक केल्यावर A5 पासून C27 पर्यंत एक बारीक तुटक रेघेची चौकट उमटली. आधीही उमटत असणार, पण मी घाईत पाहिलीच नव्हती. यादीला नेमकी किती जागा हवी आहे ते एक्सेल त्या चौकटीने दाखवतं. पाचव्या ओळीपासून तेवीस ओळी म्हणजे सत्ताविसाव्या ओळीपर्यंत. आणि त्या चौकटीच्या आत, चोविसाव्या ओळीत, C24 मध्ये, माझ्याच हाताने टाइप केलेला शब्द बसला होता: "खजिनदार".

सही! नोटिशीखाली मी सहीची जागा ठेवली होती. पाच ते तेवीस म्हणजे एकोणीस ओळी मोकळ्या होत्या. जोपर्यंत थकबाकीदार एकोणीस किंवा कमी होते, तोपर्यंत यादी सहीच्या वर थांबायची. विसावा थकबाकीदार आला त्या दिवशी ती सहीला धडकणार होती, हे मी तीन महिन्यांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं आणि मलाच माहीत नव्हतं.

"मग ती सही खाली ढकलून पुढे का जात नाही?" मी चिडून विचारलं. "किंवा तिच्यावर लिहायचं."

"तुझ्या कॉपी-पेस्टने तेच केलं असतं," ती म्हणाली. "सहीवर कोणाचं तरी नाव छापलं असतं आणि तुला पत्ताही लागला नसता. हे विचारल्याशिवाय कोणाच्या जागेवर बसत नाही. एक सेल जरी भरलेला सापडला, तरी अर्धी यादी दाखवत नाही. सगळी मागे घेतं."

तेव्हा मला तिचा मुद्दा फारसा पटला नाही, कारण रात्रीचे सव्वादहा झाले होते. मी "खजिनदार" कट करून पार वर, E2 मध्ये नेऊन ठेवलं. एंटर. A5 कडे पाहिलं.

`#SPILL!`

चौकट तशीच, A5 ते C27. आत आता काहीच नाही. मी एकेक ओळ बोटाने तपासली. सगळे सेल पांढरे, कोरे. भाची म्हणाली, "A5 च्या बाजूला पिवळ्या चौकोनात उद्गारचिन्ह आहे बघ. ते दाब."

दाबलं. मेनू उघडला. पहिल्याच ओळीत कारण लिहिलेलं: `Spill range isn't blank`. म्हणजे पसरायची जागा रिकामी नाही. त्याच्याखाली एक पर्याय: `Select Obstructing Cells`. म्हणजे अडवणारे सेल निवडून दाखव. तो दाबल्याबरोबर कर्सर उडी मारून B26 वर जाऊन बसला. B26 कोरा होता.

"अरे, इथे काही नाही!"

"F2 दाब."

F2 दाबल्यावर सेलच्या आत कर्सर लुकलुकायला लागला, पण तो डाव्या कडेला चिकटलेला नव्हता. केसभर उजवीकडे होता. चौकटीबाहेरच्या एका सेलात `=LEN(B26)` लिहिलं, उत्तर आलं 1. त्या कोऱ्या सेलात एक अक्षर होतं, आणि ते अक्षर म्हणजे एक स्पेस.

ती कुठून आली ते मला लगेच कळलं. फॉर्म्युला यायच्या आधीच्या काळात जुनं नाव पुसायचं असलं, की मी सेलवर जायचो, स्पेस बार दाबायचो आणि एंटर मारायचो. नाव नाहीसं व्हायचं, काम व्हायचं. टाइपरायटरवर आयुष्य गेलेल्या माणसाची ती सवय आहे. डोळ्यांना सेल रिकामा दिसतो, पण एक्सेलच्या हिशेबी तिथे कोणीतरी बसलंय. एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकून माणूस कुठेतरी चहाला गेलेला असतो, तसं. सीट मोकळी दिसते, पण बसता येत नाही. फरक इतकाच की हा रुमाल मीच टाकला होता आणि विसरून गेलो होतो.

B26 वर `Delete` दाबलं. तेवीसच्या तेवीस नावं एका झटक्यात खाली उतरली, C2 मध्ये बेरीज आली, आणि मी श्वास सोडला.

फोन ठेवायच्या आधी भाचीने आणखी एक गोष्ट करायला लावली. "आज तेवीस आहेत. उद्या तीस झाले तर? चौसष्टच्या चौसष्ट थकले तरी यादी अडायला नको. ती अडुसष्टाव्या ओळीपर्यंत जाऊ शकते. खालची जागा आत्ताच तपास."

```
=COUNTA(A28:C68)
```

ही मोजणी रिकामी नसलेली घरं सांगते. यादी सत्ताविसाव्या ओळीला संपली होती, त्यामुळे उत्तर शून्य यायला हवं होतं. आलं 2. पुढच्या कुठल्यातरी महिन्यात मला रात्री बसवण्यासाठी अजून दोन रुमाल वाट पाहत होते. ते शोधायला तिने A28 ते C68 निवडून F5 दाबायला सांगितलं, मग `Special`, मग `Constants`. B31 आणि C40 उजळले. खरं म्हणजे शोधण्याची गरजही नव्हती, तो सगळा भाग निवडून एकदा `Delete` दाबलं की झालं. पण मला ते दोघे डोळ्यांनी पाहायचे होते.

तिने एक सूचना दिली ती मी वहीत लिहून ठेवली. कधी कधी `LEN` शून्य देतो, तरी सेल रिकामा नसतो. एखाद्या फॉर्म्युल्याचं उत्तर `""` असं आलेलं असतं आणि तो कॉलम कॉपी करून फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट केलेला असतो. त्या सेलात शून्य लांबीचा मजकूर उरतो. `LEN` त्याला पकडत नाही, पण `=ISBLANK(B26)` विचारलं तर `FALSE` येतं आणि `COUNTA` त्याला मोजतो. म्हणून अडथळा शोधताना डोळ्यांवर आणि `LEN` वर न थांबता `COUNTA` ला विचारावं. रंग, चौकटी, फॉन्ट यांना मात्र कोणी मोजत नाही. माझ्या पिवळ्या रंगाने आणि रेघांनी काहीच बिघडवलं नव्हतं. त्या मी उगाच पुसल्या आणि रात्री अकराला पुन्हा आखत बसलो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्या रात्री C2 मध्ये दिसलेला शून्य मी विसरून गेलो, आणि त्याने दोन महिन्यांनी सूड घेतला.

कमिटीची मासिक मीटिंग होती. सेक्रेटरी मॅडम आमच्या छोट्या गोषवाऱ्याच्या शीटवरून एकेक आकडा वाचत होत्या. "शिल्लक अमुक. लिफ्टचं बिल तमुक. एकूण थकबाकी पाच हजार सहाशे." टेबलाभोवती सगळे माझ्याकडे बघायला लागले. चेअरमननी तर टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास!" मागच्या महिन्यात हाच आकडा एक लाखाच्या वर होता. माझ्या पोटात खड्डा पडला, कारण शाब्बासकीसारखं मी काहीही केलं नव्हतं.

लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि नोटिशीचं शीट उघडलं. A5 मध्ये `#SPILL!`. सगळं पान कोरं, आणि C12 मध्ये एकटाच एक आकडा: 5600.

उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली. आदल्या दिवशी ऑफिसातल्या मॅनेजरकडे एका सभासदाने 9,600 पैकी 4,000 रुपये भरले होते. मॅनेजरने नोटिशीची यादी उघडली, त्या नावासमोरचा 9600 हा आकडा बदलून 5600 केला आणि एंटर दाबलं. त्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता, आकडा दिसतोय तिथे बदलायचा. पण C12 मधला 9600 तिथला नव्हताच, तो A5 ने मांडलेला होता. मॅनेजरने त्या जागी स्वतःचा 5600 बसवल्यावर ती जागा अडली, आणि A5 ने सगळी यादी मागे घेतली. नावं गायब झालेली पाहून मॅनेजरला वाटलं, कॉम्प्युटर अडकला. त्याने फाइल सेव्ह करून बंद केली.

आता बेरजेकडे या. C2 मधला माझा फॉर्म्युला असा होता:

```
=SUM(C5:C68)
```

यादी मागे गेल्यावर `#SPILL!` ही चूक फक्त A5 मध्ये उरते. पसरलेले बाकीचे सगळे सेल रिकामे होतात. माझी बेरीज C कॉलमची, आणि C कॉलममध्ये चूक नाहीच. तिथे आहे फक्त अडवणाऱ्याने टाकलेला 5600. `SUM` ने प्रामाणिकपणे तेवढंच मोजलं. पहिल्या रात्री अडवणारा होता "खजिनदार" हा शब्द आणि एक स्पेस, दोन्ही आकडे नव्हते, म्हणून शून्य आलं. शून्य संशयास्पद दिसतं. पाच हजार सहाशे मात्र अगदी खरा वाटणारा आकडा होता. `#SPILL!` स्वतः लपत नाही, पण त्याच्या शेजारच्या कॉलमवर उभी असलेली बेरीज काहीच न बोलता खोटं सांगू शकते, आणि गोषवारा वाचणाऱ्याला A5 दिसतही नाही.

C12 वर `Delete` दाबल्याबरोबर यादी परत आली आणि थकबाकी 1,18,400 झाली. चेअरमनचा हात टेबलावरून खाली गेला. मॅनेजरने घेतलेले चार हजार मग `Vasuli` शीटवर नोंदवले, तेव्हा आकडा 1,14,400 वर आला आणि नोटिशीत C12 मध्ये 5600 आपणहून दिसायला लागले.

त्या रात्री मी तीन गोष्टी केल्या. बेरजेचा फॉर्म्युला बदलला:

```
=SUM(INDEX(A5#,0,3))
```

A5 च्या पुढचं ते `#` चिन्ह म्हणजे "A5 ने जेवढी जागा पसरून घेतली आहे ती सगळी", आणि त्यातला तिसरा कॉलम. यादी पसरली असेल तर बेरीज येते. यादी अडली असेल तर बेरजेच्या जागीही चूकच दिसते, आणि तीच चूक गोषवाऱ्यात जाते. आता मीटिंगमध्ये कोणी चुकीचा आकडा वाचू शकत नाही. फार तर वाचताच येत नाही.

दुसरं, नोटिशीचं शीट `Protect Sheet` वापरून बंद केलं. फॉर्म्युला त्यात पसरतो, माणसाला मात्र टाइप करता येत नाही. मॅनेजरला एकच नियम सांगितला: पैसे आले की `Vasuli` वर नोंद, नोटिशीला हात लावायचा नाही.

तिसरं, शीट बंद करण्याआधी यादी देखणी दिसावी म्हणून मी Ctrl+T दाबून नोटिशीचा भाग एक्सेलचं टेबल करून पाहिला, आणि लगेच पुन्हा `#SPILL!` आलं. या वेळी मी घाबरलो नाही. पिवळं उद्गारचिन्ह दाबलं, कारण वाचलं: `Spill range in table`. टेबलाच्या आत फॉर्म्युला पसरत नाही, अडवणारा सेल असो वा नसो. टेबल काढून टाकलं, साध्या चौकटी ठेवल्या. दरवेळी कारण वेगळं असू शकतं, पण ते त्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ वाचायच्या आधी काही पुसायला जाऊ नये, एवढं मी शिकलो.

आमच्या नोटिशीत सही अजून वरतीच आहे, E2 मध्ये, मथळ्याच्या शेजारी. परवा बी विंगमधले एक सभासद बोर्डासमोर थांबून म्हणाले, "काय खजिनदारसाहेब, सही वर आणि नावं खाली? जगात सही शेवटी असते." त्यांचं नाव यादीत होतं, म्हणून मी जास्त बोललो नाही. फक्त म्हटलं, "खाली जागा मोकळी ठेवलीय. पुढच्या महिन्यात नावं वाढली तर मध्ये यायला नको."

ते हसले आणि दुसऱ्या दिवशी चेक देऊन गेले. यादी एका ओळीने आखूड झाली.